रक्कम गेली, पण परत आली नाही

तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी जिल्हा कोषागार कार्यालयाला पाठवलेला अर्ज अवघ्या दीड पानाचा आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही, "वारंवार हेलपाटे मारूनही" असली वाक्ये नाहीत. तरीही दोन महिने दुसऱ्याच्या खात्यात जमा होत राहिलेले निवृत्तिवेतन या अर्जामुळेच सापडले. त्यांचे खाते असलेली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, आणि गोंधळाची सुरुवात तिथे झाली होती.

2020च्या 1 एप्रिलला 10 सरकारी बँकांच्या 4 बँका झाल्या. त्याआधी 2019 मध्ये देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या होत्या. विलीनीकरणानंतर काही काळ जुने आयएफएससी कोड चालतात, मग बंद होतात. काही ठिकाणी खाते क्रमांकही बदलतो. राज्य शासनाच्या निवृत्तांचे पैसे कोषागारातून थेट खात्यात जातात. त्यामुळे खात्याचा क्रमांक आणि कोड बँकेत बदलला, तरी तो कोषागाराच्या नोंदीत वेगळा बदलून घ्यावा लागतो. या गृहस्थांच्या शाखेने आपल्या निवृत्तिवेतनधारकांची नव्या क्रमांकांसह एकत्रित यादी कोषागाराला पाठवली होती. खातेदारांनी वेगळे काही करायची गरज नाही, असेही शाखेत सांगितले गेले होते.

पुढच्या महिन्यात पासबुकात नोंद आली नाही. बँकेने कोषागाराकडे बोट दाखवले. कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत आधी हयातीच्या दाखल्याची शंका निघाली. ती साहजिक होती, कारण दाखला नोव्हेंबरमध्ये पोहोचला नाही की निवृत्तिवेतन थांबते. पण यांचा दाखला जमा होता आणि देयकात नावही होते. शेवटी तिथला लिपिक म्हणाला, "काका, आमच्याकडून रक्कम गेलीय आणि ती परत आलेली नाही."

यातले "परत आलेली नाही" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. एनईएफटीने पाठवलेली रक्कम त्या क्रमांकाचे खातेच नसेल किंवा खाते बंद असेल, तर पाठवणाऱ्याकडे परत येते. ती परत आली नाही, म्हणजे ती कुठल्यातरी चालू खात्यात जमा झाली आहे. मग नाव जुळत नसताना बँकेने ती जमा कशी केली? रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2010च्या परिपत्रकाप्रमाणे आलेली रक्कम केवळ खाते क्रमांक पाहून जमा करता येते. नाव जुळवून पाहण्याचे बंधन बँकेवर नाही. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आणि त्याला तो कळवणाऱ्याची. ही गोष्ट बहुतेक निवृत्तांना ठाऊक नसते. देयकावर आपले नाव छापलेले आहे, म्हणजे पैसे आपल्यालाच मिळणार, असे ते धरून चालतात.

अर्ज लिहिताना त्यांनी हे ध्यानात ठेवले. "माझे निवृत्तिवेतन मिळाले नाही" एवढेच लिहिले असते, तर "प्रदान झाले आहे" असे एका ओळीचे उत्तर आले असते. त्याऐवजी त्यांनी लिहिले:

"महोदय, माझे मार्च व एप्रिलचे निवृत्तिवेतन, प्रत्येकी रुपये 21,460, आपल्या कार्यालयातून प्रदान झाल्याचे समजते. माझ्या खात्याचा या कालावधीचा उतारा सोबत जोडला असून त्यात ही रक्कम जमा नाही. तरी दोन्ही प्रदानांचा दिनांक, यूटीआर क्रमांक, वापरलेला आयएफएससी कोड आणि ज्या खात्यात रक्कम गेली त्याचे शेवटचे चार अंक कळवावेत. माझा योग्य खाते क्रमांक बँकेच्या शिक्क्यासह सोबत सादर करीत आहे. मे महिन्याचे देयक तयार होण्यापूर्वी नोंद दुरुस्त व्हावी, ही विनंती."

वर पीपीओ क्रमांक, खाली जुन्या आणि नव्या पासबुकाच्या पहिल्या पानांच्या प्रती, शाखा व्यवस्थापकाच्या सहीचे खात्याचे प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश. एक प्रत बँकेच्या शाखेला. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतलेली.

शेवटच्या विनंतीला त्यांनी सर्वांत जास्त महत्त्व दिले आणि ते योग्यच होते. गेलेले पैसे शोधण्याच्या घाईत चुकीची नोंद तशीच राहते आणि तिसऱ्या महिन्याची रक्कमही त्याच वाटेने जाते. आधी नळ बंद करावा, मग सांडलेले पाणी पुसावे.

कोषागाराचे उत्तर आले. खात्याचे शेवटचे चार अंक त्यांचे नव्हतेच. यूटीआर हा प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो हाती असला की बँकेला "शोधतो" असे मोघम सांगता येत नाही, कारण त्यावरून रक्कम कोणत्या खात्यात कधी पडली ते थेट दिसते. शाखेने पाहिले तेव्हा उलगडा झाला. बँकेने पाठवलेल्या यादीत यांच्या नावासमोर लगतच्या ओळीतला खाते क्रमांक लागला होता. तो क्रमांक एका कुटुंब निवृत्तिवेतनधारक बाईंचा होता आणि त्यांच्या खात्यात स्वतःचे पैसे अधिक यांचे पैसे असे जमा होत होते.

बँक दुसऱ्या खातेदाराचे नाव सांगत नाही, आणि ते विचारत बसण्यात अर्थही नाही. पैसे परत आणण्याचे काम बँकेचे आहे. शाखेने त्या खात्यातल्या शिल्लक रकमेवर रोक लावून बाईंना बोलावले. "महागाई भत्त्याचा फरक आला असंल असं वाटलं, साहेब," असे त्या म्हणाल्या. थोडे पैसे औषधपाण्यात खर्च झाले होते. त्यांनी लेखी संमती दिली, शिल्लक रक्कम लगेच वळती झाली आणि उरलेली पुढच्या निवृत्तिवेतनातून. हे सुरळीत झाले ते दोनच महिने गेले होते म्हणून. वर्षभर लक्ष गेले नसते, तर रक्कम खर्च होऊन गेली असती आणि वसुली कोर्टापर्यंत पोहोचली असती.

म्हणून विलीनीकरणाच्या बाबतीत काळजी घ्यायची वेळ दोनदा येते: जुना कोड बंद होतो त्या महिन्यात आणि खाते क्रमांक बदलल्याचे पत्र येते तेव्हा. दोन्ही वेळा बँकेच्या यादीवर विसंबून न राहता स्वतः कोषागाराला लेखी कळवावे आणि त्यांच्या नोंदीत आता कोणता क्रमांक आहे ते अंकन्‌अंक वाचून घ्यावे. खात्यात न समजणारी जास्तीची रक्कम दिसली, तर ती काढण्याआधी शाखेत विचारावे.

बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. 14448 या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. मात्र लोकपालाच्या कक्षेत बँक येते, कोषागार येत नाही. म्हणून चूक बँकेच्या यादीत होती की कोषागाराच्या नोंदीत, हे कागदावर ठरणे गरजेचे असते. या गृहस्थांनी बँकेने पाठवलेल्या यादीतल्या आपल्या ओळीची प्रत कोषागाराकडून मागून घेतली आहे. दोन्ही महिन्यांची मूळ रक्कम त्यांना मिळाली. उशिराच्या व्याजाचा त्यांचा अर्ज, त्या ओळीच्या प्रतीसह, सध्या बँकेकडे आहे.