समूहछायाचित्रातील एक चेहरा

आमच्या वसतिगृहाच्या एका जुन्या कृष्णधवल समूहछायाचित्रात दुसऱ्या रांगेतील एका विद्यार्थ्याचा चेहरा ओलीने पुसला गेला होता. तो आज हयात नाही. घरच्यांकडे त्याचे पासपोर्ट आकाराचे एकच छायाचित्र उरले होते. त्यातील चेहरा आम्ही संगणकावर समूहचित्रात बसविला. आकार आणि कल जुळला, तरी तो कागदी मुखवट्यासारखा दिसे.

याचे कारण प्रकाशात होते. पासपोर्टचे छायाचित्र समोरच्या फ्लॅशने काढलेले असल्याने डोळ्यांच्या खोबणी आणि नाकाच्या बाजू उजळून सपाट झाल्या होत्या. समूहचित्रात मात्र ऊन आपल्या डाव्या हाताच्या वरच्या बाजूने येत होते. शेजारच्या मुलांच्या भुवयांखाली आणि नाकाच्या उजव्या अंगाला मऊ छाया होती.

गिम्प या प्रणालीत आम्ही चेहऱ्यावर नवा थर घेऊन त्याची पद्धत Multiply ठेवली. या पद्धतीत रंग खालचा तपशील न झाकता तो केवळ गडद करतो. काळा रंग टाळून शेजारच्या मुलाच्या खोबणीतील मध्यम करडी छटा उचलली. अगदी मऊ कडेचा, सुमारे 10 टक्के अपारदर्शकतेचा ब्रश घेऊन छाया हलक्या हातांनी चढवीत नेली. नाक आणि भुवई यांमधल्या कोपऱ्यात ती सर्वांत दाट ठेवली आणि पापणीवर विरळ करीत नेली. नाकाच्या कण्याजवळ छायेची कड थोडी स्पष्ट ठेवून गालाकडे ती विरवली.

पहिल्या प्रयत्नात आम्ही नाकाच्या दोन्ही बाजू सारख्याच गडद केल्या आणि डोळ्यांखालीही छाया दिली. चेहरा आजारी दिसू लागला, कारण प्रकाश कोणत्याच एका दिशेचा राहिला नव्हता. उजेडाकडील बाजू आणि डोळ्यांखालचा भाग पुसताच तो सावरला. ब्रशने रंगविलेला भाग गुळगुळीत होतो, म्हणून शेवटी त्यावर जुन्या छायाचित्राइतकाच बारीक कण मिसळला. चित्र लहान करून पाहिले, तेव्हा तो चेहरा रांगेतून वेगळा उठून दिसेना.

हे चित्र आम्ही त्याच्या थोरल्या बहिणीला दाखविले. त्या म्हणाल्या, "सर, त्याचे डोळे इतके खोल नव्हते." आमची चूक लक्षात आली. शेजारच्या चेहऱ्यांवरून प्रकाशाची दिशा घेता येते. खोबणीची खोली मात्र ज्याची त्याचीच असते. छायेच्या थराची अपारदर्शकता 100 वरून 65 टक्क्यांवर आणली, तेव्हा त्यांनी मान हलविली.

हा चेहरा दुसऱ्या छायाचित्रातून घेऊन त्यावर छाया पुन्हा रंगविली आहे, अशी ओळ आम्ही चित्राखाली छापली आहे. उद्या कोणी हे छायाचित्र पुरावा म्हणून पाहील, तेव्हा मूळ काय आणि भर काय, हे त्याला कळले पाहिजे.