इनव्हॉइस, कस्टम्स आणि आमचा सेन्सर

फायनल इयरच्या प्रोजेक्टला बाहेरच्या देशातून पार्ट मागवायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा आमची जी फजिती झाली, ती तुमची होऊ नये म्हणून हा लेख. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं कच्चं आहे, ते सांभाळून घ्या. गणित मात्र दोनदा तपासलं आहे.

आमचा प्रोजेक्ट सोयाबीनमधला ओलावा मोजायचा. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन विकायला नेलं की ओलाव्यावरून भाव कमी होतो, हे घरी शेती असलेल्यांना सांगायला नको. त्यासाठी लागणारा सेन्सर आम्ही परदेशातून विमानाने, कुरिअरने, कॉलेजच्या नावावर मागवला. सेन्सर ४०० डॉलरचा आणि भाडं १५० डॉलर. पैसे पाठवायला सोपं जावं म्हणून आम्हीच सप्लायरला ईमेल केला, "एकच टोटल लिहून द्या." त्याने एका ओळीत ५५० डॉलर लिहिले आणि इनव्हॉइस पाठवला. चूक तिथेच झाली होती, पण आम्हाला कळली महिन्याभराने.

कस्टम्स ड्यूटीसाठी कॉलेजने १२,००० रुपये मंजूर केले होते. बिल आलं १५,७०५ रुपयांचं! पार्सल अडकून राहिलं तर वेअरहाउसचं भाडं वाढत जातं, म्हणून वरचे ३,७०५ रुपये आम्ही तिघांनी खिशातून भरले. प्रत्येकी १,२३५. त्या महिन्यात मेसच्या बिलाचं काय झालं ते विचारू नका.

दिवाळीत मामांकडे गेलो. मामा न्हावा शेवा बंदराच्या कामात, कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसमध्ये आहेत. त्यांनी बिल ऑफ एंट्री पाहिली आणि म्हणाले, "काय रे बाबू, भाड्यावर भाडं भरलंस तू!"

भाड्यावर भाडं म्हणजे काय?

ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. ज्या रकमेवर ती लागते तिला असेसेबल व्हॅल्यू म्हणतात. आपल्याकडे कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२ चं कलम १४ आणि २००७ चे व्हॅल्युएशन रूल्स यांच्याप्रमाणे ती काढतात. परदेशातल्या विमानतळावर किंवा बंदरावर माल चढवेपर्यंतची जी किंमत, ती एफओबी. तिच्यात भारतात माल आणण्याचं भाडं आणि विमा मिळवला की होते सीआयएफ, आणि ड्यूटी या रकमेवर. सगळे देश असं करत नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात भाडं आणि विमा धरायचा की नाही हे त्या त्या देशावर सोडलं आहे. अमेरिका ते धरत नाही, आपण धरतो.

आता प्रश्न असा की भाडं किंवा विमा कागदावर दिसतच नसेल तर? त्यासाठी दहाव्या नियमात ठरलेले टक्के आहेत. भाडं कळत नसेल तर एफओबीच्या २० टक्के, विमा कळत नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के. आणि विमानाने आलेल्या मालाला एक सवलत आहे. भाडं खरोखर कितीही झालेलं असो, ते एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. हलक्या, लहान वस्तूंना विमानाचं भाडं किमतीच्या मानाने फार पडतं, त्यांना या मर्यादेचा मोठा फायदा होतो. आमचा सेन्सर अगदी याच जातीचा होता.

आता आमचं गणित करू. डॉलरचा भाव सोयीसाठी ८५ रुपये धरू.

बरोबर पद्धत अशी: एफओबी ४०० डॉलर. भाडं १५०, पण २० टक्क्यांची मर्यादा म्हणून ८०. विमा कागदावर नव्हता, म्हणून १.१२५ टक्के, म्हणजे ४.५०. एकूण ४८४.५० डॉलर. रुपयांत ४१,१८२.५०.

प्रत्यक्षात झालं असं: इनव्हॉइसवर एकच ५५० चा आकडा, टर्म्स काहीच नाहीत. फॉर्म भरणाऱ्याने ५५० हीच एफओबी धरली आणि भाड्याची जागा रिकामी ठेवली. भाडं कळत नाही म्हटल्यावर २० टक्के लागले, म्हणजे ११० डॉलर. विम्याचे ६.१९. एकूण ६६६.१९ डॉलर, म्हणजे साधारण ५६,६२६ रुपये. ५५० मध्ये भाडं आधीच होतं, त्यावर ११० आणखी चढलं. मामांचं "भाड्यावर भाडं" ते हेच.

पुढची पायरी ड्यूटीची. आमच्या बिलात बेसिक ड्यूटी ७.५ टक्के होती. तुमच्या वस्तूला दर वेगळा असू शकतो, तो टॅरिफमध्ये बघावा. बेसिक ड्यूटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज. मग असेसेबल व्हॅल्यू, बेसिक आणि सरचार्ज या सगळ्यांच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. म्हणजे करावर कर आहेच. शंभर रुपयांच्या व्हॅल्यूवर ७.५०, मग ०.७५, मग १०८.२५ वर १८ टक्के म्हणजे १९.४९ (पैशात थोडा फरक). सगळे मिळून २७ रुपये ७३ पैशांच्या आसपास.

या दराने बरोबर व्हॅल्यूवर ड्यूटी ११,४२२ रुपये, चुकीच्या व्हॅल्यूवर १५,७०५. फरक ४,२८३ रुपये. बघा, कॉलेजने दिलेल्या बारा हजारांत काम आरामात भागलं असतं.

"मग फॉर्मवर ५५० सीअँडएफ लिहिलं असतं तर?" मी विचारलं. मामा म्हणाले, "थोडं वाचलं असतं, पूर्ण नाही." कारण मग भाडं आत आहे हे कळतं, पण ते किती हे कळत नाही. त्यामुळे २० टक्क्यांची मर्यादा लावता येत नाही आणि १५० चे १५० मोजले जातात. विमा मिळवून व्हॅल्यू ५५६.१९ डॉलर होते, ४८४.५० नाही. म्हणून वस्तूची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींची इनव्हॉइसवर वेगवेगळी ओळ हवी, आणि टर्म्स लिहिलेल्या हव्यात.

टर्म्स एक्स-वर्क्स असतील तर आणखी सांभाळा. त्यात किंमत फक्त कारखान्याच्या दारापर्यंतची असते. कारखान्यापासून तिथल्या विमानतळापर्यंतचा खर्च आधी मिळवला की एफओबी तयार होते, आणि २० टक्के त्यावर मोजले जातात.

टक्के हा शेवटचा उपाय

समुद्रमार्गे आलेल्या मालाला ती विमानाची मर्यादा नाही. खरं भाडं पूर्ण धरतात. पण कागद नसेल तर तिथेही २० टक्केच. समजा लॅबसाठी १०,००० डॉलरचं मशीन जहाजाने आलं, भाडं ९०० डॉलर आणि विम्याचा हप्ता ३० डॉलर झाला. कागद जोडले तर व्हॅल्यू १०,९३०. नाही जोडले तर २,००० आणि ११२.५० मिळवून १२,११२.५०. दोन कागदांसाठी ११८२.५० डॉलरवरची ड्यूटी फुकट जाते! आणि माल न्हावा शेव्याला उतरून पुढे ट्रान्सशिपमेंटने नागपूरच्या कंटेनर डेपोत कस्टम्ससाठी आला, तर बंदरापासून नागपूरपर्यंतचं भाडं व्हॅल्यूत धरत नाहीत. पण ते बिलात वेगळं दिसलं पाहिजे.

आधी खरा खर्च, तो कळत नसेल तरच टक्के, हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने २०१५ साली विप्रोच्या खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा माल उतरवण्याच्या खर्चापोटी सरसकट १ टक्का मिळवला जात असे, खरा खर्च माहीत असला तरी. विमानतळावर विप्रोचा खरा खर्च त्याहून फार कमी होता. खरा आकडा हातात असताना काल्पनिक आकडा धरता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. मग २०१७ मध्ये नियम बदलले आणि तो १ टक्का गेला. अजूनही एखाद्या जुन्या पुस्तकात किंवा सीनियरच्या एक्सेल शीटमध्ये तो १ टक्का दिसला, तर खोडून टाका.

याला अपवादही आहे, आणि तो आपल्या शेजारचाच. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. आयात चांदीला मात्र इनव्हॉइसचं हे गणित लागत नाही. कलम १४ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली सरकार चांदीची किलोमागे ठरावीक टॅरिफ व्हॅल्यू जाहीर करतं आणि ड्यूटी तिच्यावर बसते. सोनं आणि पामतेल यांचंही तसंच आहे.

आणखी दोन गोष्टी. एक, डॉलरचा भाव बँकेचा किंवा कार्डाचा चालत नाही. कस्टम्स स्वतःचा दर जाहीर करतं आणि बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या दिवशीचा दर लागतो. दोन, काही सप्लायर स्वतःहून विचारतात, "इनव्हॉइसवर १०० डॉलर लिहू का?" नाही म्हणा. बाराव्या नियमाखाली अधिकारी किमतीवर शंका घेऊन ती नाकारू शकतात आणि खोटी किंमत सापडली तर माल जप्त होऊन वर दंड बसतो. "नो कमर्शियल व्हॅल्यू" लिहिलेल्या फुकट सॅम्पलचीसुद्धा किंमत धरली जाते.

आमचे पैसे परत मिळाले का? नाही. आम्हाला वाटलं होतं एक अर्ज केला की झालं. पण २०१९ च्या आयटीसीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की बिल ऑफ एंट्रीवरचं असेसमेंट आधी बदलून घ्यावं लागतं, त्याशिवाय रिफंड मिळत नाही. त्यासाठी कलम १४९ खाली दुरुस्ती मागायची किंवा ६० दिवसांत अपील करायचं. ऑफिसमधले काका म्हणाले, "चार हजारासाठी कोण मागे लागेल?" खरं सांगायचं तर आमच्यातही तो दम राहिला नव्हता, परीक्षा तोंडावर होती.

म्हणून सांगतो, पैसे भरण्याआधी कुरिअरवाल्याकडून बिल ऑफ एंट्रीची चेकलिस्ट मागून घ्या. ती दाखल होण्याआधी दुरुस्ती फुकटात होते. तिच्यात चार जागा बघा: इनव्हॉइसची रक्कम, टर्म्स, भाडं, विमा. भाड्यासमोर बरोबर २० टक्के दिसले, तर ते मर्यादेमुळे आले की कागद नसल्यामुळे, हे विचारा. आणि एफओबी म्हणून दाखवलेला आकडा तुमच्या वस्तूच्या नुसत्या किमतीपेक्षा मोठा असला, तर तिथेच थांबा.

जानेवारीत आमचा एक सेन्सर जळाला आणि दुसरा मागवावा लागला. या वेळी इनव्हॉइसवर तीन ओळी होत्या आणि खाली टर्म्स. ड्यूटी भरून सेन्सर आला, बारा हजारांच्या आत. जुन्या ईमेलमधल्या "एकच टोटल लिहून द्या" या वाक्याची प्रिंट काढून आमच्या रूमच्या दारावर लावली आहे. ज्युनियर्सनी येऊन बघून जावी.