हिरवं नको बघूस, कड बघ

अगं, रात्री पाठवलेले कासवाचे फोटो पाहिले. तुझा सगळा जीव पाठीवरच्या हिरव्या थरात अडकलाय, पण त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. टाकीत राहणाऱ्या लाल कानाच्या कासवावर शेवाळं धरतंच, त्यात तुझी टाकी खिडकीपाशी. मऊ टूथब्रश साध्या पाण्यात हलक्या हाताने फिरव. हिरवं निघून खाली गुळगुळीत, टणक कवच दिसलं तर विषय संपला. खाली पांढरट खड्डा, भुसभुशीत डाग किंवा कुजका वास सापडला तर मात्र कवच कुजतंय, आणि ते डॉक्टरांचं काम. पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर घाबरू नकोस, ओढूही नकोस; वाढताना ते सुटतातच. आणि हो, आई सांगेल म्हणून खोबरेल तेल चोपडू नकोस. चमक येते, पण तेलाखाली घाण नि ओल कोंडते.

मला खटकला तो बाजूने काढलेला फोटो. वरून काढलेल्या फोटोंत कवच छान गोल दिसतं, कारण वरून उंचसखलपणा कळतच नाही. बाजूच्या फोटोत मागची कड बघ. या जातीत ती जराशी पसरट, करवतीसारखी असते, पण तुझ्याकडच्याची बशीच्या काठासारखी वर वळलीय. पाठही मधे किंचित बसल्यासारखी वाटते. तीन वर्षांच्या कासवात असं दिसलं की मला आधी हाडं मऊ पडल्याची शंका येते.

शंकाच म्हणतेय, कारण मऊपणा फोटोत दिसत नाही. ओलं कवच उजेडात चमकतं आणि मऊ असलं तरी टणक भासतं. म्हणून फोटो नको, छोटा व्हिडिओ काढ. कासव हातात आडवं धरून पोटाकडच्या पाटीवर अंगठ्याने अगदी हलका दाब दे, मग तसाच कडेवर. अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिल्लाचं कवच किंचित लवतं, ते चालतं. तीन वर्षांच्याचं लवता कामा नये. लवलं तर पुन्हा पुन्हा दाबून बघत बसू नकोस. पोटावरचे काळे ठिपके मात्र आजार नाहीत, या जातीत ते पिवळ्या पाटीवर असतातच. पाटी गुलाबी-लालसर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ; रक्तात संसर्ग पसरल्याची ती खूण असू शकते.

कारण मला तुझ्या घरातच दिसतंय. टाकीवर ऊन पडतं म्हणतेस, पण ते बंद खिडकीच्या काचेतून. जीवनसत्त्व ड तयार व्हायला लागणारे अतिनील-ब किरण साधी काच अडवते, आणि ते जीवनसत्त्व नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. सकाळचं ऊन गॅलरीत टबात ठेवून थेट मिळू दे. टबात अर्धी सावली आणि बसायला कोरडा दगड हवाच, आणि कावळ्या-मांजरांपासून जप, नजर हटवू नकोस. नुसत्या जवळ्यावर ठेवू नकोस, कासवाचं खाद्य नि पालाही दे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर माखलीचं हाड मिळतं ना, समुद्रफेस, तो मीठ जाईस्तोवर भिजवून, वाळवून एक तुकडा टाकीत टाक. वाकलेली कड सरळ व्हायची नाही, पण नवी वाढ नीट येते का ते कळेल.

तुझ्या शेजारणीने जो फोटो दाखवला, तो बघून मी चमकले. ती म्हणते, पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आलेत. ते तारा कासव आहे, पिवळ्या रेघांचं, जमिनीवरचं. त्याचे उंचवटे रानातही असतात, म्हणून नुसत्या उंचवट्यावरून दोष ठरवता येत नाही. खऱ्या पिरॅमिडिंगचा दोष पूर्वी सगळा प्रथिनांवर ढकलला जायचा. 2003 साली सुलकाटा जातीच्या पिल्लांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरडी हवाच मोठं कारण निघाली, प्रथिनांचा वाटा किरकोळ. तेव्हा दिवसभर एसीत ठेवलेल्या पिल्लाला वसईची दमट हवा उपयोगाची नाही. बघायचं ते दोन चकत्यांमधल्या फिकट फटीत: नवी वाढ सपाट येतेय का. पण तिला हे सगळं सांगण्याआधी हे सांग की तारा कासव घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवू दे. बावखलात किंवा रानात सोडायची घाई तिनेही करू नये, आणि तूही तुझं कासव कुठे सोडू नकोस; ते परदेशी आहे, आपल्या बावखलातल्या कासवांच्या वाट्याचं खाईल.

आता नवे फोटो असे काढ. कासव पुसून अर्धा तास कोरडं होऊ दे, फ्लॅश बंद, ट्यूबलाइट नको, कारण तिच्या उजेडात पिवळंही हिरवट दिसतं. सकाळी गॅलरीत, शेजारी दहाचं नाणं ठेव म्हणजे मापही कळेल. मोबाइल कवचाच्या पातळीला आण. वरून, दोन्ही बाजूंनी, मागून. पोटाचा मात्र पटकन, फार वेळ उलटं धरू नकोस. दाबाचा व्हिडिओ आज पाठव. कड लवत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे उद्याची वेळ घे, ते एक्स-रे काढतील. तोवर कॅल्शियमचं औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस.