म्हातारपणाचा विसर की आजाराचा भ्रम?

गव्हाची काढणी आटोपली आहे, खळे झाले आहे आणि घरातले म्हातारे माणूस दोन दिवसांपासून भलतेच बोलू लागले आहे. अशा वेळी घरोघर एकच वाक्य ऐकू येते: "वय झाले, बुद्धी चळली." कोणी म्हातारचळ म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. या महिन्यात आम्ही याच विषयाचा धडा घेणार आहोत. म्हातारपणी बुद्धी बिघडण्याचे दोन अगदी निरनिराळे प्रकार आहेत. एक वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, तर दुसरा दोन दिवसांत येतो. दुसऱ्याचे कारण वेळीच सापडले तर तो पुष्कळदा बराही होतो, आणि न सापडले तर माणूस दगावू शकतो.

पहिल्याला डॉक्टर डिमेन्शिया किंवा स्मृतिभ्रंश म्हणतात. दुसऱ्याला डिलिरियम म्हणतात. आपले जुने लोक त्यालाच "वात झाला", "तापात बरळतो" असे म्हणत. आम्ही येथे त्याला भ्रम म्हणू.

एक उदाहरण

समजा, इंदूरजवळ सांवेरच्या बाजूच्या एका गावात शहात्तर वर्षांचे एक आजोबा आहेत. त्यांना सर्दी झाली. मुलाने दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि आजोबांनी त्या दिवसातून तीन वेळा घेतल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना भिंतीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या. रात्री ते उठून "ट्यूबवेलची मोटार बंद करायची राहिली" म्हणत दाराकडे धावले. मोटार तर आठवडाभर बंदच होती. सकाळी ते शांत होते, चहा प्यायले, नातवाला नावाने हाक मारली. घरच्यांना वाटले, बरे झाले. पण दुपारी बोलता बोलता त्यांचे डोळे मिटू लागले आणि संध्याकाळी पुन्हा मुंग्या दिसू लागल्या. मुलगा म्हणाला, "आता म्हातारचळ लागला."

सूनबाईंनी मात्र एक गोष्ट पाहिली होती. बाबांचे धोतर वारंवार ओले होत होते आणि ते सारखा ओटीपोटावर हात ठेवत होते. दवाखान्यातील सिस्टरांनी पोट चाचपले तेव्हा बेंबीपर्यंत एक कडक गोळा हाताला लागला. ती तुंबलेली लघवी होती. नळी घालताच अकराशे मिलिलीटर लघवी बाहेर आली. एरवी चारशेच्या आसपास जमली की माणसाला लघवीची चांगलीच घाई होते. त्या रात्री आजोबा बरेच झोपले. भ्रम चार-पाच दिवसांत ओसरला.

घडले होते ते असे. आजोबांची प्रोस्टेट ग्रंथी आधीच वाढलेली होती. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखे औषध असते. त्याने नाक वाहणे थांबते, पण मूत्राशय आकुंचन पावण्याची शक्तीही कमी होते आणि म्हाताऱ्या मेंदूवर थेट गुंगी येते. भरून वाहणाऱ्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत होते, म्हणून "लघवी तर होते आहे" असे सर्वांना वाटत होते.

बिछान्याशी विचारायचे तीन प्रश्न

अमेरिकेतील डॉ. शॅरन इनुये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली भ्रम ओळखण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. ती आज जगभर रुग्णालयांत वापरतात. तिचा गाभा घरातल्या माणसालाही जमण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न घरच्यांना विचारायचा: हे कधीपासून आहे, आणि दिवसभर सारखेच असते का? स्मृतिभ्रंशाचा आरंभ कोणालाही नेमका सांगता येत नाही. "दोन-तीन वर्षांपासून हिशेब चुकतात" असे उत्तर येते. भ्रमाचा दिवस सांगता येतो: "मंगळवारपर्यंत ठीक होते." शिवाय भ्रम चढतो आणि उतरतो. सकाळी निवळतो, संध्याकाळी वाढतो. म्हणून डॉक्टरांनी सकाळी पाहिले आणि आजोबा नीट बोलले, तर "रात्री असे नव्हते" हे घरच्यांनी सांगितलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न लक्षाचा, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. भ्रमात मुख्यतः बिघडते ते लक्ष. स्मृतिभ्रंशात आरंभी बिघडते ती आठवण. लक्ष बराच काळ टिकते. लक्ष पाहण्यासाठी वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार असे. मध्येच थांबणे, सुलटे म्हणू लागणे किंवा प्रश्नच विसरणे म्हणजे लक्ष टिकत नाही. येथे एक सावधगिरी ठेवावी. आजीने जपमाळेच्या प्रार्थना न अडखळता म्हटल्या म्हणून तिचे डोके ठिकाणावर आहे असे समजू नका. बालपणापासून जिभेवर बसलेले शब्द आजारातही आपोआप निघतात. उलटे म्हणायला मात्र मन एका जागी धरावे लागते.

ज्यांना वार उलटे कधीच जमत नव्हते, त्यांचा हात हातात घ्या आणि सांगा, "मी गाय म्हटले की हात दाबा." मग सावकाश म्हणा: बैल, गाय, शेळी, म्हैस, गाय, कोंबडी, गाय, गाय, बैल, शेळी. गायीला दाबायला विसरणे ही एक चूक, भलत्या नावाला दाबणे हीही एक चूक. रुग्णालयांत हीच परीक्षा अक्षरांनी घेतात आणि दहांत दोनहून अधिक चुका झाल्या तर लक्ष बिघडले असे धरतात. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर आधी कानाजवळ बोलून पाहा. बहिरेपणाला भ्रम समजू नये.

आज तारीख किती, साल कोणते, हे प्रश्न आपल्या निरक्षर आजीला विचारून काही कळत नाही. तिला ते निरोगी असतानाही सांगता आले नसते. हरियाणातील बल्लभगड भागात संशोधकांनी १९९०च्या दशकात न शिकलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी परीक्षा तयार केली, ती याच अडचणीमुळे. तेव्हा आपणही तिच्या जीवनातले विचारावे: आता सकाळ की संध्याकाळ? शेतात सध्या कोणते पीक आहे?

तिसरा प्रश्न आपल्या डोळ्यांना विचारायचा: माणूस पुरता जागा आहे का? स्मृतिभ्रंशाचा रोगी बहुधा टक्क जागा असतो, फक्त विसरतो. भ्रमाचा रोगी एक तर फार खवळलेला असतो, नाहीतर पेंगुळलेला. हा पेंगुळलेला प्रकार फार फसवा आहे. आजी त्रास देत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, दोन घास खाते. घरचे म्हणतात, "थकली बिचारी." पण काल अंगण झाडणारी बाई आज हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटत असेल, तर तो थकवा समजू नका.

एकाएकी सुरुवात व चढउतार, आणि लक्ष न टिकणे, ही दोन्ही असतील. आणि त्याबरोबर असंबद्ध बोलणे किंवा जागेपणात फरक यांपैकी एक असेल, तर भ्रम आहे असे धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कारण शोधावे

भ्रम हा लक्षणाचा प्रकार आहे. त्याच्यामागे दुसरा आजार असतो. घरी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, नव्याने सुरू झालेली किंवा एकाएकी बंद केलेली औषधे. सर्दीच्या व झोपेच्या गोळ्या यांत पुढे असतात. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांनी भयंकर भ्रम होतो, हेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. दुसरी, लघवी आणि शौच तुंबणे. तिसरी, जंतूंचा आजार. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी कधी कधी ताप येत नाही. श्वास जलद होतो आणि भ्रम होतो, एवढेच दिसते. चौथी, पाणी व क्षार कमी होणे, विशेषतः उन्हाळ्यात, जुलाबात, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा भ्रमला, तर सर्वांत आधी साखर तपासावी. तपासता आली नाही आणि तो जागा असून गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला, तसेच झटके येणाऱ्याला, एक बाजू लुळी पडलेल्याला, किंवा फवारणीनंतर घाम, लाळ सुटून भ्रमणाऱ्याला, वेळ न दवडता १०८ ची गाडी बोलावून मोठ्या रुग्णालयात न्यावे. डोक्यावर पडल्याची आठवणही सांगावी, मग ती दोन-तीन आठवड्यांपूर्वीची का असेना. म्हाताऱ्या माणसाच्या कवटीत रक्त इतके सावकाश साठू शकते.

दोन्ही एकत्र असतील तर?

आता पुन्हा आजोबांकडे वळू. भ्रम उतरल्यावरही सूनबाईंच्या लक्षात आले की ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मग तिला आठवले, दोन वर्षांपासून दुधाचा हिशेब त्यांना जमत नव्हता आणि एकदा ओळखीच्या वाटेवरच ते चुकले होते. म्हणजे स्मृतिभ्रंश आधीपासून मुरत होता आणि त्यावर भ्रम चढला. हे पुष्कळदा होते, कारण ज्याचा मेंदू आधीच दुबळा आहे त्याला थोड्याशा कारणाने भ्रम होतो. म्हणून "त्यांना तर आधीपासूनच विसर आहे" हे कारण पुरेसे समजू नये. विचारावे असे: आजचे वागणे गेल्या आठवड्याहून निराळे आहे का?

भ्रम चालू असताना स्मृतिभ्रंशाचा शिक्काही मारू नये. भ्रम पूर्ण उतरायला कधी कधी आठवडे, महिनेही लागतात. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घेतली तर खरे चित्र दिसते. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असाही आहे की त्यात डोळ्यांपुढे चित्रे दिसतात आणि लक्षही कमीजास्त होते. तो ओळखणे तज्ज्ञांचे काम आहे.

बिछान्याशी काय करावे

भ्रमातल्या माणसाला खाटेला बांधू नये आणि आपल्या मनाने झोपेची गोळी देऊ नये. दोन्हींनी भ्रम वाढतो. चष्मा व कानाचे यंत्र लावून द्यावे. दिवसा खिडकी उघडी ठेवावी, रात्री मंद दिवा असावा. ओळखीचे एकच माणूस जवळ बसावे. "मुंग्या नाहीतच" असा वाद घालू नये. "मी येथे आहे, आपण घरीच आहोत" एवढे सांगावे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घोट घोट पाणी पाजावे, पण माणूस पुरता जागा असतानाच.

दवाखान्यात जाताना दोन वस्तू बरोबर न्याव्यात: सर्व औषधांची पाकिटे एका पिशवीत, आणि कागदावर लिहिलेली एक ओळ, "अमुक वारापर्यंत ठीक होते, त्यानंतर असे झाले." निदानाची अर्धी वाट त्या ओळीनेच सरते, आणि ती ओळ घरच्यांशिवाय दुसरे कोणीही लिहू शकत नाही.