बॅकलॉग वाढला, म्हणजे काम मागे गेले का?

प्रश्न : आमचे कृषी सेवा केंद्र आहे. बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर एका कंपनीकडून करून घेत आहोत. एप्रिलअखेरच्या अहवालात लिहिले आहे : ‘स्प्रिंट 6 (24 एप्रिलला संपला) : नियोजित 24 पॉइंट, पूर्ण 19. बॅकलॉग 112 वरून 118. रिलीज 1.2 : 15 मे.’ काम पूर्ण झाले म्हणतात, मग शिल्लक काम वाढले कसे? आणि दुकानातल्या संगणकावर काहीच नवीन का दिसत नाही? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण या आकड्यांत लबाडी दिसत नाही. फक्त अहवालाने एक महत्त्वाचा आकडा दिलेला नाही. त्याकडे शेवटी येऊ.

स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा. ही पद्धत मांडणाऱ्या केन श्वाबर आणि जेफ सदरलंड यांनी त्याची कमाल मर्यादा एक महिना ठेवली आहे. बहुतेक कंपन्या दोन आठवड्यांचा टप्पा घेतात. काम उरले म्हणून स्प्रिंट लांबवत नाहीत, उरलेले काम परत यादीत जाते. त्यामुळे ‘स्प्रिंट संपला’ याचा अर्थ मुदत संपली, एवढाच. ‘ठरवलेले सगळे झाले’ असा तो घेऊ नये.

पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज. ते तास नव्हेत आणि रुपयेही नव्हेत. प्रत्येक टीम आपापल्या अंदाजाने ते ठरवते, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या पॉइंटांशी तुलना करू नका. अर्धवट कामाला इथे शून्य मिळते. समजा, परत आलेल्या मालाचे जीएसटी बिल हे 5 पॉइंटांचे काम जवळजवळ झाले, पण चाचणीत अडले. मग 24 पैकी 19 च मोजले जातील. हा कडकपणा तुमच्या फायद्याचा आहे. ‘नव्वद टक्के झाले’ हे वाक्य महिनोन्‌महिने ऐकण्यापेक्षा तो बरा.

आता बॅकलॉग. ही थकलेल्या कामांची यादी आहे, हा सर्वांत मोठा गैरसमज. सॉफ्टवेअरमध्ये पुढे करायच्या सगळ्या गोष्टी तिच्यात असतात, महत्त्वाच्या वर आणि बाकीच्या खाली. तुमचा हिशेब बहुधा असा असेल : 112 मधून 19 गेले, राहिले 93. मग दरम्यानच्या बैठकीत तुम्ही काही मागितले का, ते आठवून पाहा. मुदत संपत आलेल्या कीटकनाशकांची सूचना 5, उधारीची आठवण देणारा संदेश 8, कंपनीला माल परत करण्याची नोंद 8, शिवाय चाचणीत सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या 4. असे 25 वाढले की बेरीज 118 होते. काम मागे गेले नाही, मागणी वाढली. मात्र या 25 मध्ये दुरुस्त्यांचाच वाटा मोठा निघाला आणि दर स्प्रिंटला तो वाढत राहिला, तर काळजी करा. तेव्हा कामाचा दर्जा घसरत असतो.

संगणकावर बदल न दिसण्याचे कारण रिलीजमध्ये आहे. स्प्रिंटमध्ये झालेले काम आधी चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर जाते. तिथे तुम्ही स्वतः बिले करून पाहायची, होकार द्यायचा, मग जुन्या नोंदींची प्रत काढून ते दुकानात बसवायचे. हे बसवणे म्हणजे रिलीज. दोन-तीन स्प्रिंटचे काम एकत्र करूनही रिलीज करतात. चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर आजच मागा. झालेले काम डोळ्यांनी पाहण्याची तीच जागा आहे.

आणि आता तो न दिलेला आकडा : रिलीज 1.2 साठी ठरवलेल्या कामांपैकी किती पॉइंट उरले आहेत? 118 हा सगळ्या यादीचा आकडा आहे, त्यातले बरेचसे 1.2 नंतरचे असणार. समजा, 1.2 चे 37 उरलेत आणि मागच्या तीन स्प्रिंटमध्ये 18, 20, 19 असे काम झाले आहे. सरासरी 19, म्हणजे आणखी दोन स्प्रिंट, चार आठवडे. 24 एप्रिलपासून मोजले तर 22 मे उजाडतो. तुमच्या चाचणीला आठवडा धरला तर मे संपतो. 15 मे या हिशेबात बसत नाही. खरिपाच्या गर्दीत नवे सॉफ्टवेअर बसवणे तुम्हाला परवडणार नाही, हेही कंपनीला सांगायला हवे.

तेव्हा पुढच्या बैठकीत 1.2 च्या उरलेल्या कामांची यादी पॉइंटांसह समोर मागा. 15 मे गाठायचाच असेल, तर फार तर एका स्प्रिंटचे, सुमारे 19 पॉइंटांचे काम ठेवून बाकीचे 1.3 मध्ये ढकला. कोणते ढकलायचे हे कंपनीवर सोपवू नका. तुमच्या गल्ल्यावर काय लागते, हे तुम्हालाच ठाऊक आहे.