जानोशाचा हिशेब: खोल्या किती, रात्री किती, पैसे कोणाचे

राजुऱ्यात लग्न धरलं की आधी मंगल कार्यालय ठरतं, आणि खोल्या आठवतात त्या पत्रिका वाटून झाल्यावर. गावातले लॉज मोजकेच. ते भरले की बल्लारपूर, नाहीतर थेट चंद्रपूर गाठावं लागतं. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी तिथे ताडोबाचे पर्यटकही असतात, शिवाय जाण्यायेण्याच्या गाडीचं भाडं वेगळं. म्हणून कार्यालयाच्या भाड्यात किती खोल्या येतात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पाहुणे मोजू नका, खोली आणि रात्र मोजा. समजा, रविवारच्या लग्नाला अठरा पाहुणे मुक्कामी आहेत. बारा जण शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारीच निघणार. सहा जण रविवारी पहाटे बल्लारशाहला रेल्वेने उतरून सोमवारी सकाळी जाणार. दोघांच्या खोलीत एक जादा गादी टाकून तिघे झोपले, तर सहा खोल्या पुरतात. भाडं १,५०० आणि गादीचे ३०० धरले, तर खोली १,८०० ला पडते. सरसकट दोन रात्री सहा खोल्या घेतल्या तर २१,६०० होतात. नीट मांडलं तर शनिवारी सहा आणि रविवारी दोनच, म्हणजे १४,४००. यावर ५ टक्के जीएसटी धरा. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला हाच दर आहे.

शनिवारच्या सहापैकी दोन खोल्या रात्रभर रिकाम्याच राहतात. लॉजचा दिवस दुपारी बाराला सुरू होत असेल, तर पहाटे येणाऱ्यांसाठी आदल्या रात्रीचं भाडं भरावंच लागतं. चोवीस तासांची पद्धत असेल तर ते वाचतं. पण पहाटे पाचला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी पाचलाच मुदत संपते, आणि सकाळी नऊला निघणाऱ्याला आणखी एक दिवस लागू शकतो. अशा वेळी पहाटेच्या आंघोळी कार्यालयातल्या खोल्यांत उरका आणि लॉजची खोली दहाला ताब्यात घ्या.

आता पैसे कोणाचे? माझ्या मते लग्नाच्या आदल्या रात्रीचा आणि लग्नाच्या रात्रीचा मुक्काम यजमानाचा. पुढे कोणी ताडोबा बघायला थांबलं, तर ते ज्याचं त्यानं बघावं. वरपक्षाच्या जानोशाचं मात्र बैठकीतच बोलून ठेवा, कारण मांडवात त्यावरून तोंडं वाकडी होतात. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरची झोपायची सोय हमखास विसरली जाते. तीही तेव्हाच ठरवा.

लॉजवाल्याला व्हॉट्सॲपवर लिहून द्या: “खोलीभाडं, जादा गादी आणि सकाळचा चहा-नाश्ता आमच्याकडे. बाकी मागवलेलं पाहुण्यांकडून रोख घ्यावं. सोमवारपासूनच्या मुक्कामाचं बिल वेगळं.” पाहुण्यांनाही निरोपात एवढंच कळवा: “तुमची खोली रविवार दुपारपर्यंत, रात्री थांबणाऱ्यांची सोमवार सकाळपर्यंत आहे, प्रत्येकाने आधार कार्ड आणावं.” खोल्या कमी झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत ॲडव्हान्स परत मिळेल, ते पावतीवरच लिहून घ्या.