बिर्याणीच्या एका प्लेटमागे हातात काय उरते?

ज्या ठिकाणी गिऱ्हाईक बसून जेवत नाही, फक्त मोबाईलवरील अॅपवरून किंवा फोनवरून आलेल्या ऑर्डरी शिजवून पाठवल्या जातात, त्याला क्लाउड किचन म्हणतात. या धंद्यात उतरणाऱ्या बांधवांचा पहिला प्रश्न असतो, रोज किती प्लेटा विकल्या म्हणजे घरातून पैसे घालावे लागणार नाहीत? विक्रीच्या या आकड्याला ना नफा ना तोटा बिंदू म्हणतात. तो कसा काढावा, हे आपण चिकन बिर्याणीच्या एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. वाचकांनी तेथे आपले आकडे घालावेत.

प्रथम खर्चाचे दोन भाग करावेत. एकही प्लेट विकली नाही तरी द्यावा लागतो तो स्थिर खर्च. समजा, जागेचे भाडे १८,००० रुपये, बावर्चीचा पगार २२,०००, मदतनिसाचा १२,०००, वीज, फोन व परवान्याचा वाटा मिळून ४,००० आणि मालकाची स्वतःची मजुरी १६,०००. एकूण महिना ७२,००० रुपये. मालकाची मजुरी अनेकजण धरत नाहीत. मग हिशेबात नफा दिसतो आणि घरखर्च मात्र उधारीवर चालतो. जागेची अनामत रक्कम परत मिळणारी असल्याने ती या खर्चात धरू नये.

दुसरा बदलता खर्च, म्हणजे प्लेटेमागे लागणारा. तांदूळ, चिकन, तेल, मसाला ८५ रुपये, गॅस ७ आणि पॅकिंग १२, असे १०४ रुपये झाले. अॅपवरील भाव २२० रुपये आणि अॅपचे कमिशन २५ टक्के धरले, तर ५५ रुपये कमिशन व त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ६५ रुपये कापले जातात. २२० मधून १०४ व ६५ वजा जाता ५१ रुपये उरतात. भाडे आणि पगार याच ५१ रुपयांतून फिटायचे आहेत. ७२,००० ला ५१ ने भागले की १,४१२ प्लेटा येतात, म्हणजे तीस दिवस चूल पेटली तर रोज ४८.

आता भाव बदलला की काय होते ते पाहा. विक्री वाढावी म्हणून २० टक्के सूट दिली आणि ती सर्व आपल्याच खिशातून गेली, तर भाव १७६ रुपये होतो. कमिशन या कमी भावावर लागले तरी जीएसटीसह ५२ रुपये जातात. कच्चा माल, गॅस व पॅकिंगचे १०४ मात्र तेवढेच राहतात. उरतात फक्त २० रुपये. आता ३,६०० प्लेटा हव्यात, म्हणजे रोज १२०! भाव पाचव्या हिश्श्याने उतरला, पण विक्री अडीचपट करावी लागली. एवढ्या ऑर्डरींना आणखी एक मदतनीस लागला, तर स्थिर खर्च ८४,००० होतो आणि रोज १४० प्लेटा लागतात. ऑर्डरी वाढत असूनही गल्ला रिकामा राहतो, तो अशाने.

कच्चा माल महागला की हाच हिशेब पुन्हा करावा. चिकन किलोमागे ४० रुपयांनी वाढले आणि किलोत सहा प्लेटा निघत असतील, तर प्लेटेमागे सुमारे ७ रुपये वाढले. भाव तोच ठेवला तर उरतात ४४ रुपये आणि रोज ५५ प्लेटा लागतात. भाव ७ रुपयांनी वाढवून भागत नाही, कारण वाढीवरही कमिशन कापले जाते. ७ रुपये हातात यायला भाव १० रुपयांनी वाढवावा लागतो.

फोनवरून थेट ऑर्डर देऊन स्वतः पार्सल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला २०० रुपयांना प्लेट दिली, तर कमिशन नसल्याने ९६ रुपये उरतात. रोज अशी १० गिऱ्हाइके असली की अॅपवर ४८ ऐवजी २९ प्लेटा पुरतात. गिऱ्हाइकाला स्वस्त आणि आपल्यालाही फायद्याचे.

देगेत उरून फेकावी लागणारी प्लेट या हिशेबात आलेली नाही. पॅकिंग वाचले तरी तिचे ९२ रुपये बुडतात. ते भरून काढायला अॅपवरच्या जवळजवळ दोन प्लेटा खर्ची पडतात.

म्हणून बांधवांनी दर आठवड्याला एक काम करावे. अॅपकडून बँकेत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेला पाठवलेल्या प्लेटांनी भागावे आणि त्यातून त्या आठवड्याचा प्लेटेमागचा बदलता खर्च वजा करावा. ठरलेल्या ५१ रुपयांपेक्षा आकडा कमी आला, तर सूट, कापलेले पैसे किंवा मालाचा भाव, यांपैकी काय बदलले ते त्याच आठवड्यात शोधावे. महिनाअखेर भाडे द्यायच्या वेळी कळून उपयोग नाही.